चैती कळक

ओकामुरासाहेबांच्या वह्या सांगलीला पोचल्या तेव्हा माया आरवाडे स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. कुरिअरवाल्याने खाकी पाकीट हातात ठेवलं, त्यावर जपानी अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव होतं, हारुए ओकामुरा. साहेबांची मुलगी. आत तीन वह्या आणि एक चिठ्ठी. बाबा गेल्या हिवाळ्यात वारले. साताऱ्यात असताना ते रोज काही ना काही लिहीत. तुमच्या भाषेत हे कुणी वाचावं अशी त्यांची इच्छा होती. कारखान्याशी माझं बोलणं झालं आहे, ते पुस्तक काढणार आहेत. वह्या काम झाल्यावर परत पाठवाव्यात.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात माया सात वर्षं दुभाषी होती. ओकामुरासाहेब जपानहून आलेले यंत्रतज्ज्ञ, आणि साहेब जिथं जातील तिथं माया. जेवणाच्या सुट्टीत साहेब कागदावर तीन ओळी लिहीत आणि तिला वाचून दाखवत. हायकू म्हणजे काय हे ती कुठल्या वर्गात नाही, कँटीनच्या बाकावर शिकली. पाच, सात, पाच असे सतरा ठोके. आणि एक ऋतूचा शब्द, किगो. तो नसेल तर साहेबांच्या लेखी ते नुसतं वाक्य. निरोप घेताना त्यांनी आपला जुना ऋतुकोश तिला देऊन टाकला होता. कुठला शब्द कुठल्या ऋतूचा हे सांगणारा जाडजूड ग्रंथ, पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या.

तिनं काम हौसेनं घेतलं. दुपारी जपानीच्या शिकवणीची मुलं यायच्या आधी दोन तास ती वह्या उघडून बसायची.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. 'त्सुकि' म्हणजे चंद्र. पण हायकूत नुसता चंद्र आला की तो शरदातलाच, हे जपानी वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. मराठी वाचणाऱ्याला चंद्र बाराही महिने दिसतो. 'शरदातला चंद्र' असं लिहिलं तर ओळ फुगते आणि समजावून सांगितल्यासारखी वाटते. चार दिवस तिनं ते डोक्यात घोळवलं आणि एका सकाळी दूध तापवताना शब्द सापडला.

कोजागरी—
तिसऱ्या पाळीचे डबे
एकाच ओळीत

ठोके मोजले तर चार, आठ, सहा. तिनं तसंच ठेवलं. पाच-सात-पाच बसलं तर बसवायचं, पण त्यासाठी एकही शब्द भरीचा घालायचा नाही. आखूड, लांब, आखूड एवढा बांधा मात्र मोडायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

'शिगुरे'वर ती आणखी अडली. हिवाळ्याच्या तोंडाला येणारी, येते न येते अशी पावसाची सर. साहेबांनी गावी गेल्यावर वडिलांच्या छत्रीवर लिहिलं होतं. आपल्याकडं थंडीत पाऊस येतो त्याला अवकाळी म्हणतात. पण मायाचं माहेर तासगावचं, द्राक्षबागांतलं. तिथं अवकाळी हा शब्द उच्चारला तरी माणसं आभाळाकडं बघतात. साहेबांच्या ओळीत हुरहुर होती, बाग उद्ध्वस्त झाल्याची धडकी नव्हती. 'रिमझिम' म्हटलं तर श्रावण येतो. शेवटी 'थंडीची भुरभुर' लिहून तिनं सुस्कारा सोडला.

असे साठ हायकू झाले. एकसष्टावा लागला तो तिसऱ्या वहीत. वहीच्या पुठ्ठ्यावर साहेबांनी जपानी पद्धतीनं साल घातलं होतं, हेइसेई अठ्ठावीस. म्हणजे दोन हजार सोळा.

ताके नो आकि
पुरेसु नो किशिमि
मिमि नि सुमु

ताके म्हणजे बांबू, आकि म्हणजे शरद. पुरेसु म्हणजे प्रेस, पत्रा ठोकून आकार देणारं ते अवाढव्य यंत्र. बांबूचा शरद, प्रेसची करकर, कानात राहते. माया वाचता वाचता थांबली. दोन हजार सोळाच्या श्रावणात त्याच प्रेसखाली कृष्णात मोहिते सापडला होता. अडकलेला तुकडा काढायला तो आत वाकला आणि यंत्र आपोआप खाली आलं. दवाखान्यात पोचेपर्यंतही तो राहिला नाही. चौकशीत ठरलं की यंत्रात बिघाडाची पूर्वसूचना नव्हती, कामगारानंच चुकून पायपट्टी दाबली.

तर साहेब नंतर शरदात त्याच्यासाठी झुरत होते, असं तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले. सवयीनं तिनं ऋतुकोश उघडला. किगो पडताळल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे साहेबांचंच शिकवणं.

ताके नो आकि शरदाच्या भागात नव्हता.

तो वसंताच्या भागात होता, अगदी शेवटाकडं. खाली दोन ओळींचा खुलासा. वसंतात बांबूचा सगळा जोर जमिनीतून फुटणाऱ्या कोंबांना जातो, त्याची स्वतःची पानं पिवळी पडून गळतात. सगळी झाडं पालवत असताना बांबूचा तेवढा शरद चालू असतो. म्हणून बांबूचा शरद म्हणजे वसंत.

आणि तिला आठवलं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून कळकाच्या बांबूचं एक बेट होतं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं पिवळ्या पानांचा खच पडायचा. साहेब एकदा तिला मुद्दाम तिकडं घेऊन गेले होते. पान उचलून लहान मुलासारखे हसले होते, "मायासान, ताके नो आकि! इथंसुद्धा!"

तिनं वहीची मागची-पुढची पानं बघितली. आधीच्या पानावर शिमग्याची होळी होती. पुढच्या पानावर कैरी.

चैत्र. श्रावणाच्या चार महिने आधी. तेव्हा ती करकर साहेबांच्या कानात घर करून बसली होती. आणि त्यांनी 'सुमु' लिहिताना साधं अक्षर वापरलं नव्हतं. पाखरं, जनावरं घरटं करून राहतात त्यासाठी जे अक्षर वापरतात, ते वापरलं होतं. आवाज येऊन गेला नव्हता. रोज वस्तीला येत होता.

मायानं वही मिटली. कारण त्या चैत्रातली एक बैठकही तिला आठवली होती.

शनिवारची दुपार होती. कारखान्याचे प्रमुख आधीच चिडलेले, माल वेळेत जायचा होता. साहेब म्हणाले होते, "पुरेसु नो ओतो गा, चोत्तो कि नि नारिमास ने." शब्दाला शब्द लावला तर, प्रेसचा आवाज थोडा मनात येतो. पण सात वर्षं त्या माणसाबरोबर काढल्यावर मायाला ठाऊक होतं, की असा जपानी माणूस भर बैठकीत 'थोडं' म्हणतो तेव्हा त्याला 'यंत्र थांबवा' म्हणायचं असतं. तिला साडेपाचची सांगलीची गाडी गाठायची होती. ती प्रमुखांना म्हणाली होती, "साहेब म्हणतात प्रेसचा थोडा आवाज येतोय." प्रमुख म्हणाले होते, "यंत्र आहे, आवाज येणारच. बघू सवडीनं." साहेबांनी मायाकडं बघितलं होतं. तिनं मान हलवून सांगितलं होतं, बघतो म्हणाले.

श्रावणानंतर तिनं नोकरी सोडली. लोकांना सांगितलं, दर आठवड्याची ये-जा झेपत नाही.

आठवडाभर ती त्या तीन ओळींवर बसली. 'बांबूचा शरद' हे शब्दशः बरोबर आणि पूर्ण खोटं होतं. 'वसंतातली बांबूची पानगळ' खरं होतं, पण निबंधासारखं. महिना हवा होता, झाड हवं होतं आणि पाचच अक्षरं. इथल्या माणसाला कळक चैत्रात कसा दिसतो ते सांगावं लागत नाही, हे एकदा लक्षात आल्यावर ओळ आपोआप आली.

चैती कळक—
प्रेसची करकर
कानी वस्तीला

पाच, सात, पाच. सगळ्या पुस्तकात एवढा नेमका बसलेला दुसरा हायकू नव्हता. तिनं खाली टीप लिहिली, किगोचा अर्थ दिला आणि सगळं हस्तलिखित कारखान्याला पाठवलं. टिपेत बैठकीबद्दल एक अक्षर नव्हतं.

चौथ्या दिवशी धैर्यशील निंबाळकरांचा फोन आला. कारखान्याच्या कर्मचारी विभागाचे प्रमुख. "मॅडम, एकदा साताऱ्याला येऊन जाता का? फोनवर नको."

त्यांच्या खोलीत एसीचा गारवा होता आणि टेबलावर तिचं हस्तलिखित. निंबाळकरांनी चहा मागवला, सांगलीची हवा विचारली, मग एकसष्टावं पान काढलं.

"हा हायकू फार सुंदर आहे. आम्ही तो शेवटी घेतोय. मोहित्यांना श्रद्धांजली म्हणून. पंचविसाव्या वर्धापनदिनाला त्यांच्या पत्नीला पहिली प्रत देणार. फक्त हे चैती काय आहे? हारुएबाईंनी इंग्रजीत कळवलंय, बांबूचा शरद."

"शब्द तोच आहे. पण त्याचा ऋतू वसंत आहे. टीप दिलीय मी."

"टीप वाचली. दोनदा वाचली." निंबाळकरांनी चष्मा काढून ठेवला. "मॅडम, अपघात श्रावणातला. श्रद्धांजली चैत्रातली कशी असेल?"

"ती श्रद्धांजली नाहीच."

निंबाळकरांना कविता कळत नव्हती, पण कॅलेंडर कळत होतं.

"मग काय आहे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"साहेबांना आवाज आधीच ऐकू येत होता."

"आणि त्यांनी तो कुणाला सांगितला?"

माया टेबलावरच्या पानाकडं बघू लागली.

"नाही, मी विचारतोय. कारण साहेबांना मराठी येत नव्हतं, आमच्या प्रमुखांना जपानी येत नव्हतं. साहेबांनी काही सांगितलं असेल तर ते एकाच माणसाच्या तोंडून इकडं आलं असेल." त्यांनी कप तिच्याकडं सरकवला. "मी धमकी देत नाही. मी तेव्हा इथं नव्हतोही. मोहित्यांचा मुलगा शिवतेज आता आपल्याकडं आहे, वडिलांच्या जागी, अनुकंपा तत्त्वावर. घर मार्गी लागलंय. नऊ वर्षांनी एका शब्दावरून सगळं उकरायचं? शरद करा. मूळ शब्द तोच आहे, तुम्हीच म्हणता."

चहा निवत होता. मायाला वाटलं, उठावं, हस्तलिखित उचलावं आणि चालू लागावं. तिनं पेन उचललं.

'चैती' खोडून 'आश्विनी' लिहिलं, तर अक्षरं सहा झाली. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात थांबला नाही. 'कळक' खोडून तिनं 'वेळू' लिहिलं.

आश्विनी वेळू—

पुन्हा पाच. महिना खोटा केला म्हणून झाडाचंही नाव बदलावं लागलं आणि ओळ मात्र मापात बसली. टीप निंबाळकरांनी स्वतः काढून टाकली.

पुस्तक देखणं निघालं. वर्धापनदिनाला मंडप, हार, आमदारांचं भाषण. शेवटी निवेदिकेनं तो हायकू वाचला आणि रेश्मा मोहितेला व्यासपीठावर बोलावलं. चाळिशीची, काटक बाई. तिनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. खाली आल्यावर ती गर्दीतून वाट काढत मायापाशी आली.

"आवं, तुमीच का त्या? ज्यांनी मराठीत केलं?"

"हो."

"लय उपकार झालं बाई. नऊ वर्सं समदी म्हणत्यात, त्याचीच चूक, त्यानंच पाय दिला. सासूबी म्हणती. पर त्या परमुलखातल्या माणसानं दसऱ्या-दिवाळीच्या टायमाला माझ्या माणसाची याद काढली. कानातनं त्यो आवाज गेला न्हाई म्हणं." ती रडत होती आणि हसतही होती. "त्येंच्या मनात व्हतं कायतरी."

रेश्मानं तिचे हात धरले होते, ते मायानं हळूच सोडवून घेतले.

महिनाभर तिनं कळ काढली. मुलांना शिकवताना 'चोत्तो' शब्द आला की ती अडखळायची. एका रविवारी सकाळची गाडी धरून ती साताऱ्याला गेली आणि विचारत विचारत औद्योगिक वसाहतीच्या मागच्या वस्तीत रेश्माच्या दारात उभी राहिली.

रेश्मानं आनंदानं पाट दिला. पुस्तक देवळीत होतं, वर फूल वाहिलेलं. ते बघून मायानं पाणीही घेतलं नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. ताके नो आकि म्हणजे काय. वहीत आधी शिमगा, नंतर कैरी. बैठकीत साहेब काय म्हणाले आणि आपण काय सांगितलं. निंबाळकरांच्या खोलीत आपल्या हातानं काय खोडलं.

रेश्मा ऐकत राहिली. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलंही नाही.

"म्हंजी त्येस्नी चैतातच ठावं व्हतं."

"हो."

"आन तुमाला बी."

"त्यांना किती काळजी वाटत होती, ते मला कळलं होतं. मी ते पुढं सांगितलं नाही."

"का?"

गाडी हे कारण तिला स्वतःलाच ऐकवेना. तरी ती म्हणाली, "सांगलीची गाडी गाठायची होती."

रेश्मा उठली. देवळीतलं फूल काढून बाजूला ठेवलं, पुस्तक आणलं, शेवटचं पान उघडून मायापुढं धरलं. "लिवा. खरं काय ते हितंच लिवा. खाली तुमचं नाव, आजची तारीख."

मायानं छापील ओळींखाली लिहिलं, चैती कळक. तिन्ही ओळी लिहिल्या. सही केली. रेश्मानं वाचून बघितलं.

"कळक," ती म्हणाली. "आमी बी कळकच म्हणतो. वेळू कोण म्हणतंय हितं?"

त्या दोघींनी मिळून सरकारी कामगार कार्यालयात अर्ज केला. पैसा मागितला नव्हता. कृष्णातच्या कागदावरची 'कामगाराची चूक' ही ओळ तेवढी काढा, एवढीच मागणी होती. मायानं हारुएला पत्र लिहून मूळ वही मागितली, कारण वह्या केव्हाच परत गेल्या होत्या. हारुएचं उत्तर नम्र होतं. बाबांचा तो हायकू शोकाचा आहे अशी माझी समजूत आहे, पुस्तकातही तसंच छापलं आहे. वही मी आता कुणाला देऊ इच्छित नाही.

सरकारी कार्यालयातला अधिकारी वयस्कर होता, वाईट नव्हता. त्यानं मायाकडं उरलेली वहीची झेरॉक्स पानं बघितली, ऋतुकोशाचं पान समजावून घेतलं, अगदी मन लावून. मग कारखान्याच्या वकिलानं छापील पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं.

"यात आश्विन आहे," अधिकारी म्हणाला. "वर अनुवादक म्हणून तुमचंच नाव. मग खोटं कुठलं, हे की आज सांगता ते?"

"पुस्तकातलं."

"ते कुणी लिहिलं?"

"मीच."

"आणि बैठकीत साहेबांचं बोलणं तुम्ही पूर्ण सांगितलं नाही, असं तुमचंच म्हणणं आहे."

"हो."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "बाई, दोनदा तुम्ही चुकीचं सांगितलं, हे तुम्हीच म्हणता. तिसऱ्यांदा बरोबर सांगताय हे मी कशावरून धरू?"

वकील पुढं काही बोललाच नाही. बोलायची गरज नव्हती. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर रिक्षा थांब्यापाशी माया म्हणाली, "चहा घेऊ या का?" रेश्मा म्हणाली, "नगं, माझी गाडी लागली असंल," आणि रस्ता ओलांडून गेली. स्टँड उलट्या दिशेला होता.

दीड महिन्यानं एका दुपारी फोन वाजला. शिकवणीची मुलं पुढ्यात बसली होती. रेश्माचा आवाज होता, सपाट, लांबून आल्यासारखा.

"पोराची बदली झाली. खंडाळ्याच्या गोदामात. पहाटं चारला उठून जातोय."

"रेश्माताई, मी निंबाळकरांशी बोलते. मी लगेच—"

"न्हाई. तेच सांगाया फोन केला. कुणाशी बोलू नगा." पलीकडं एखादं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुमी चैतात गप बसला तवा माझा माणूस गेला. पुस्तकात खोटं लिवलं, तवा महिनाभर मला बरं वाटलं, तेवढंच. आन खरं सांगाया आला तवा पोरगं लांब गेलं. आता माझ्या दारात येऊ नगा, बाई. खरं बी सांगाया येऊ नगा."

फोन बंद झाला. समोरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, 'चोत्तो'चा अर्थ थोडं असंच लिहू ना?"

माया फळ्याकडं वळली. खडू हातात घेऊन ती तशीच उभी राहिली, आणि मुलांनी आपलं आपणच वहीत लिहून टाकलं.